"जमत असेल तर ये" : इन्चार्ज झाल्यावर हे वाक्य ऐकू येईनासं कसं होतं?

रातराणी

बरेच दिवस हे लिहावं की नाही या विचारात होते. मी परळच्या बाजूला एका रुग्णालयात बायकांच्या मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. सतरा वर्षं स्टाफ नर्स होते, इन्चार्ज होऊन आता चौदा महिने झाले. त्या सतरा वर्षांतली नऊ मी बदलापूरहून ये-जा केली. गेल्या वर्षी लालबागला सासऱ्यांच्या खोलीत राहायला आलो, आता वॉर्डात चालत पोचते.

जुलैमधली गोष्ट. रात्री नऊ-दहाला कळलं की उद्या मॉर्निंगला एक स्टाफ कमी आहे. माझ्याकडे बदलापूरहून येणारी एक मुलगी आहे, हुशार, कामाला वाघीण. ती त्या दिवशी इव्हनिंग करून निघाली होती. तिला मी मेसेज टाकला : "उद्या मॉर्निंगला एक स्टाफ कमी आहे. जमत असेल तर ये, नाहीतर मी बघते." एका मिनिटाच्या आत उत्तर आलं, "हो सिस्टर." सकाळी सात वीसला ती वॉर्डात हजर होती. मी तिला चहा दिला, थँक्यू म्हटलं, आणि विसरून गेले.

ऑक्टोबरमध्ये वॉर्डात साफसफाई करणाऱ्या एक मावशी बोलता बोलता म्हणाल्या, त्या रात्री हिची अकरा महिन्यांची पोर तापाने फणफणली होती. रात्री नऊला इव्हनिंग सुटते, पुढच्या पाळीला ओव्हर देऊन निघायला साडेनऊ. दादरहून गाडी, बदलापूरला उतरून रिक्षा, घरी पोचायला साडेअकरा. पहाटे पाचच्या आधी उठून परत. मध्ये झोप झाली असेल तर तीन तास, आणि त्यातही पोर कडेवर.

मी तिला विचारलं, "अगं, सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही बोलावलंत ना, सिस्टर."

मला मनापासून वाटत होतं की मी तिला पर्याय दिला होता. "नाहीतर मी बघते" असं मी लिहिलंही होतं. पण माझी जुनी इन्चार्ज "जमलं तर बघ गं" म्हणायची तेव्हा आमच्यापैकी एकीलाही कधी तो पर्याय वाटला नव्हता. त्या वाक्याचा खरा अर्थ मला सतरा वर्षं पाठ होता. चौदा महिन्यांत तो गेला कुठे? धीर नको आहे, कारण हवं आहे. यावर कोणी अभ्यास केलाय का?

डोंबिवलीकर_काका

रातराणीताई, प्रामाणिकपणे लिहिलंत, आनंद वाटला. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा शाखाधिकारी म्हणून. लॉर्ड ऍक्टनने १८८७ मध्येच सांगून ठेवलंय की सत्ता माणसाला भ्रष्ट करते. आता तर शास्त्रज्ञांनी डोक्याला यंत्र लावून सिद्ध केलंय की खुर्चीवर बसलेल्याच्या मेंदूतला दुसऱ्याचं दुःख जाणवण्याचा भागच निकामी होतो. एकदा खुर्ची मिळाली की झालं, तो माणूस परत येत नाही. आमचे एक साहेब पदोन्नतीआधी आमच्याबरोबर डबा खायचे, नंतर आमच्या टेबलावरून जाताना नावही आठवेना त्यांना.

वसईचा_वारा

ताई, तुमचं काहीही चुकलं नाही. तुम्ही विचारलं, ती हो म्हणाली. पोरीला तोंड होतं ना? माझ्या दुकानात सहा मुलं आहेत. मी स्पष्ट सांगून ठेवलंय, काही अडचण असेल तर बोला. बोलत नाही म्हणजे अडचण नाही. उगाच स्वतःला दोष देत बसलात तर उद्या सगळा स्टाफ डोक्यावर बसेल.

रातराणी

वसईचा_वारा, दोष कोणाचा हा माझा प्रश्नच नाही. एका मिनिटात आलेलं "हो" मला खरं वाटलं. स्टाफ असताना मला ते खरं वाटलं नसतं. हा फरक कुठून आला, ते विचारतेय.

तिसरी_पाळी

मी स्टाफ आहे, दुसऱ्या रुग्णालयात. खालून हे कसं दिसतं ते सांगते.

इन्चार्जचा मेसेज आला की आम्ही तो वाचत नाही, उलगडतो. किती वाजता आला? ग्रुपवर आला की एकटीला? एकटीला आला असेल तर तिने आपलं नाव आधीच मनात धरलंय. "जमत असेल तर" पुढे कारण दिलंय का? दिलं असेल तर गरज खरी आहे, म्हणजे नाही म्हणणं आणखी कठीण. "मी बघते" याचा आमच्याकडचा अर्थ "मी लक्षात ठेवीन". तुम्ही तसं म्हटलं नसेल, मान्य. पण पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट तुमच्या हातात आहे. दिवाळीचा ऑफ, माहेरच्या लग्नाची सीएल, सलग चार नाईट लावायच्या की दोन, सगळं तुमच्या पेनात. जुलैमध्ये "नाही" म्हणायचं आणि ऑक्टोबरमध्ये लिस्ट उघडताना छातीत धडधडायचं, त्यापेक्षा तीन तास झोप परवडते.

आमची इन्चार्ज पॅसेजमध्ये शिरली की चपलांच्या आवाजावरून आम्हाला कळतं, मॅट्रनकडून बोलणी खाऊन आलीय की नाही. तिला मात्र आमच्यातली कोण तीन दिवस रडतेय ते कळत नाही. ती वाईट नाही हो. तिला आमचा चेहरा वाचायची गरजच पडत नाही.

कोरांटी

वीस-बावीस वर्षं मी सामाजिक मानसशास्त्र शिकवतेय. तिसरी_पाळी यांचं शेवटचं वाक्य हेच या अभ्यासाचं मर्म आहे.

आधी काकांच्या म्हणण्यावर. ज्या प्रयोगाबद्दल तुम्ही ऐकलंत तो २०१४ मधला, कॅनडातला. कोणी हाताने चेंडू दाबताना पाहिलं की आपल्याही हाताच्या स्नायूंत तशाच हालचालीची बारीकशी तयारी उमटते, ती त्यांनी मोजली. आपल्या हाती सत्ता होती अशा प्रसंगावर ज्यांनी नुकतंच लिहिलं होतं, त्यांच्यात ती कमी उमटली. हे सगळे साधे विद्यार्थी होते. काही मिनिटं एक आठवण लिहून झालेला तो बदल आहे. काही निकामी झालं किंवा माणूस परत येत नाही, असं त्यातून निघत नाही. आणि रातराणी यांच्या बाबतीत "भ्रष्ट" हा शब्द तर अजिबात बसत नाही. तिथे लोभ नाही, दुष्टपणा नाही. लक्ष कुठे जातं आणि कुठे जात नाही, एवढीच गोष्ट आहे.

सुझन फिस्क यांनी १९९३ मध्ये हे साध्या रीतीने मांडलं. ज्याच्या हातात आपलं बरंवाईट असतं त्याच्याकडे आपण बारकाईने पाहतो, कारण त्याचा अंदाज चुकला तर आपल्याला महागात पडतं. वरच्याचं बरंवाईट खालच्या एकेकीच्या हातात तेवढं नसतं, म्हणून त्याचं लक्ष खाली कमी वळतं. शिवाय वरच्याला बघायची माणसंही जास्त. इतक्या जणींची लिस्ट लावताना हळूहळू माणसाऐवजी खूण उरते : ही हुशार, ही रडकी, ही बदलापूरची. तुमच्या मनात त्या रात्री "कामाला वाघीण" ही खूण होती, रातराणी. पोर नव्हती.

दुसरा अभ्यास २००६ मधला, ऍडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांचा. अर्ध्यांना आपली दुसऱ्यावर सत्ता होती असा प्रसंग लिहायला सांगितलं, अर्ध्यांना दुसऱ्याची आपल्यावर सत्ता होती असा. मग म्हणाले, झटकन कपाळावर मार्करने इंग्रजी 'ई' काढा. समोरच्याला सरळ वाचता येईल असा काढायचा तर स्वतःच्या बाजूने उलटा काढावा लागतो. सत्तेचा प्रसंग लिहिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांनी तो स्वतःला सरळ आणि समोरच्याला उलटा दिसेल असा काढला. दुसऱ्या गटात असे फक्त १२ टक्के निघाले.

पण तुमच्या मेसेजला लागू पडतो तो त्याच लेखातला पुढचा प्रयोग, ज्याची चर्चा कमी होते. आपल्यालाच ठाऊक असलेली एक गोष्ट आहे आणि आपण एक वाक्य लिहून पाठवतो, जे ती गोष्ट माहीत असेल तरच टोमणा म्हणून कळेल. वाचणाऱ्याला कळेल का? सत्तेच्या भावनेत असलेले लोक जास्त करून म्हणतात, हो, कळेल की. आपल्या मनातला संदर्भ वाचणाऱ्याच्या मनात नाही, हे त्यांच्या लक्षातून निसटतं. तुमच्या मनात "नाही म्हणाली तरी चालेल" हे ढळढळीत होतं. ते तुम्ही मेसेजमध्येच लिहिलंय असं तुम्हाला वाटलं. तिच्यापर्यंत पोचला तो फक्त मजकूर, आणि पाठवणारीचं नाव.

गोरेगावची_सई

आमच्या सोसायटीची मी तीन वर्षं सेक्रेटरी आहे. वॉचमनच्या केबिनमधला पंखा एप्रिलपासून बंद होता. मी रोज दोनदा त्या केबिनसमोरून जाते आणि दोन्ही वेळा त्याचा सलाम घेते. मला जूनमध्ये कळलं, तेही माझ्या दहा वर्षांच्या मुलाकडून. एरवी पाण्याच्या टाकीची पातळी मी झोपेतही सांगेन. आज हा धागा वाचून खाली जाऊन आले.

आकडेमोड

थोडं थांबा. 'ई'चा प्रयोग ऐकायला छान आहे, म्हणून तो प्रत्येक व्याख्यानात असतो. पण त्या पहिल्या प्रयोगात माणसं होती पन्नास-साठ. पुढे अनेक विद्यापीठांनी मिळून काही गाजलेले प्रयोग मोठ्या संख्येवर पुन्हा केले, त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला, आणि त्यात सत्ता आणि दुसऱ्याच्या नजरेने पाहणं याचा परिणाम पुन्हा दिसला नाही. शिवाय दहा मिनिटं निबंध लिहिणं म्हणजे सत्ता नव्हे. रातराणी यांच्याकडे खरी ड्यूटी लिस्ट आहे. ३३ आणि १२ हे आकडे त्यांच्या वॉर्डाला चिकटवू नका, एवढंच म्हणणं आहे.

कोरांटी

आकडेमोड, बरोबर आहे, आणि हे मीच आधी लिहायला हवं होतं. आठवणी लिहून घेऊन "सत्ता" जागी करायच्या पद्धतीवर माझाही भरवसा पूर्वीइतका राहिलेला नाही. उलटे निकालही आहेत. २००९ मध्ये मारियान श्मिड मास्ट आणि सहकाऱ्यांना सत्तेच्या भूमिकेतले लोक समोरच्याच्या भावना जास्त नीट ओळखतात असं दिसलं. ओव्हरबेक आणि पार्क यांना असं आढळलं की माणसांची काळजी घेणं हेच ज्या खुर्चीचं काम असतं, तिच्यावर बसलेले लोक खालच्यांचे तपशील चांगले लक्षात ठेवतात. म्हणजे सत्ता आपोआप आंधळं करते असं नाही. खुर्ची तुमच्याकडून काय मोजून घेते, त्यावर बरंच ठरतं.

म्हणून मी 'ई'पेक्षा तिसरी_पाळी यांनी सांगितलेल्या गोष्टीवर जास्त भर देईन, दिवाळीच्या ऑफवर. तिथे कोणाच्या मेंदूत काय होतं हे मोजावंच लागत नाही. "नाही" म्हणण्याची किंमत एका बाजूला पडते आणि दुसऱ्या बाजूला ती दिसत नाही.

रातराणी, एक विचारते. तुमची मॅट्रन वर्षअखेर तुमच्याकडून काय मागते?

रातराणी

मॅट्रन काय मागते? लिस्टमध्ये भोक नको. इन्फेक्शनचे आकडे, औषधांच्या चुका, पेशंटच्या तक्रारी. स्टाफ किती झोपली हे चौदा महिन्यांत एकदाही कोणी विचारलेलं नाही. लिहिताना आत्ता लक्षात आलं.

पण कोरांटीताई, एक गोष्ट अजून पटत नाही. खालच्यांचं जग मला माहीत नव्हतं असं नाही ना. मी ते नऊ वर्षं जगलेय. पावसात कल्याणच्या पुढे गाडी अडकून रुळावरून चालत गेलेय. ज्याने भोगलंय त्याला तरी कळायला नको?

आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मेसेज पाठवताना बदलापूर माझ्या मनात आलं होतं. मनात आलं ते असं : मी नऊ वर्षं केलं की. इव्हनिंगला जोडून मॉर्निंग मीही काढल्यात. होतं.

कोरांटी

हे तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. यावर २०१५ मध्ये रुटान, मॅकडॉनल आणि नॉर्डग्रेन यांचा एक अभ्यास आला. त्यातल्या एका प्रयोगात हिवाळ्यात बर्फगार तलावात उडी मारायचा कार्यक्रम होता. उडी मारणाऱ्यांना एका माणसाची गोष्ट वाचायला दिली, ज्याला उडी मारायची होती पण ऐनवेळी जमली नाही. काहींनी ती उडी मारण्याआधी वाचली, काहींनी नंतर. नंतर वाचणाऱ्यांना, म्हणजे जे स्वतः ते सोसून बाहेर आले होते त्यांना, त्या माणसाबद्दल कमी कणव वाटली. बेकारी आणि छळ सोसलेल्यांच्या बाबतीतही तसाच कल दिसला.

त्यांचं स्पष्टीकरण असं : त्रास किती झाला होता याची धार आठवणीतून जाते, पण आपण तो पार केला हे मात्र पक्कं राहतं. त्यामुळे जो अडखळतो त्याच्याकडे पाहून मन म्हणतं, एवढं काय त्यात. हा सत्तेवरचा अभ्यास नाही, हे आकडेमोड यांनी म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण खालून वर चढलेल्या माणसात दोन्ही एकाच दिवशी एकत्र येतात. लक्ष कमी होतं, आणि त्याच वेळी "मला यातलं सगळं कळतं" हा विश्वास वाढलेला असतो. बाहेरून आलेली इन्चार्ज निदान विचारते तरी, बदलापूरला किती वेळ लागतो म्हणून.

डोंबिवलीकर_काका

हे वाचून जरा गप्प झालो. मी कारकून असताना मार्चअखेरीला रात्री अकरापर्यंत थांबायचो. शाखाधिकारी झाल्यावर कोणी साडेआठला घड्याळ बघितलं की मी नेमकं हेच म्हणायचो, आम्ही अकरापर्यंत बसायचो. त्यांना त्यातून उभारी येते असं मला वाटायचं.

वसईचा_वारा

मी काल दुकानात विचारलं मुलांना. काही त्रास आहे का, मोकळेपणाने बोला. सहाच्या सहा म्हणाले, काही नाही शेठ, सगळं मस्त. विचारल्यावर कळतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तिसरी_पाळी

दादा, कुठे विचारलंत? सगळे एकत्र उभे असताना, गल्ल्यावर बसून?

वसईचा_वारा

दुकानातच, सकाळी उघडताना. आणखी कुठे विचारणार?

रातराणी

मी ठरवलंय की लिस्ट लावायला बसताना प्रत्येकीच्या नावापुढे पेन ठेवून दोन मिनिटं थांबायचं, ती कुठून येते, घरी कोण आहे, हे डोळ्यांपुढे आणायचं आणि मग ड्यूटी लिहायची.

कोरांटी

रातराणी, हेतू सुंदर आहे, पण एकट्या कल्पनेवर विसंबू नका. ईयल, स्टेफेल आणि एपली यांनी २०१८ मध्ये याच एका प्रश्नावर २५ प्रयोग प्रसिद्ध केले : स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहिलं तर त्याच्या मनातलं जास्त अचूक कळतं का? नाही कळत. तसं करणाऱ्याला आपल्याला कळलं असं कधीकधी जास्त वाटतं, तेवढंच. जोडीदारांच्या बाबतीतसुद्धा. अचूकता वाढली ती साध्या एका गोष्टीने : त्या माणसाला विचारलं आणि उत्तर ऐकलं.

आणि इथेच वसईच्या दादांची अडचण येते. वरून विचारलं की "सगळं मस्त" येतं. याला माझ्याकडे प्रयोगशाळेतलं चोख उत्तर नाही. अगदी बरोबरीच्या माणसांतही नकार जड जातो. फ्लिन आणि लेक यांनी २००८ मध्ये लोकांना अनोळखी माणसांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायला पाठवलं. जायच्या आधी लोकांना वाटलं वीसेक जणांना विचारावं लागेल, प्रत्यक्षात दहाएक पुरले. मागणाऱ्याला आपल्या मागणीचं वजन कळत नाही, कारण तोंडावर नाही म्हणणं किती अवघड आहे ते त्याला त्या क्षणी जाणवत नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं हे. तुमच्या हातात लिस्ट आहे.

तिसरी_पाळी

मग तो मेसेजच पुन्हा लिहून बघू. मला असा आला असता तर मी "नाही" लिहू शकले असते :

"उद्या मॉर्निंगला एक स्टाफ कमी आहे. तुम्हा तिघींना विचारतेय. कोणालाच जमलं नाही तर दुसऱ्या वॉर्डातून स्टाफ घ्यायचा, हे मॅट्रनशी आत्ताच बोलून ठेवलंय. येणार असाल तरच दहापर्यंत कळवा. उत्तर नाही आलं तर येत नाही असं धरते, कारण सांगायची गरज नाही. जी येईल तिला या आठवड्यातच कॉम्प ऑफ."

यात काय बदललं ते बघा. "मी बघते" गेलं, त्याजागी पाहिलेली सोय आली. मला शब्दावर विश्वास ठेवायचा नाहीये, मॅट्रनशी झालेल्या बोलण्यावर ठेवायचाय. नाही म्हणायला मला काही टाइप करावं लागत नाही. मेसेज उशिरा बघितला असं होऊ शकतं, त्यामुळे माझ्या नकाराला चेहरा राहत नाही. आणि तिघींना विचारल्यामुळे माझं नाव आधीच धरलेलं नाही.

फक्त मॅट्रनशी आधी खरंच बोला. नुसतं लिहिलंत आणि कोणी आली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तुमचा चेहरा पडला, तर पुढच्या मेसेजला पुन्हा एका मिनिटात "हो सिस्टर" येईल.

आकडेमोड

आणि आधी-नंतर मोजा. तुमच्या अशा मेसेजला किती "नाही" आले? चौदा महिन्यांत एकही नसेल तर स्टाफला सगळं जमतं असा त्याचा अर्थ काढू नका. जिथे नकार शून्य, तिथे होकारातून काहीच माहिती मिळत नाही.

रातराणी

आत्ता फोनवर वर चढत जाऊन मोजलं. चौदा महिन्यांत असे मेसेज एकतीस. नकार एक, तोही एकीच्या सासूबाई वारल्या त्या रात्रीचा.

रातराणी

महिन्याने परत लिहितेय, कारण काहींनी विचारलं होतं.

डिसेंबरच्या लिस्टआधी मी चौदा जणींना कागद दिले. नाव लिहायचं नाही म्हटलं तर लिस्ट लावता येत नाही, म्हणून नाव होतंच. पण कागद माझ्याकडे आले नाहीत. आमच्या एका जुन्या स्टाफने, जी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय आणि जिला माझ्याकडून काही नको आहे, तिने ते गोळा केले आणि मला एकच तक्ता करून दिला. प्रश्न दोनच ठेवले होते : कोणती ड्यूटी कोणत्या ड्यूटीला जोडून आली की सगळ्यात जड जाते, आणि महिन्यातून कोणते दोन दिवस काही झालं तरी घरी असायला हवं.

माझी खात्री होती की सगळ्या लिहितील, इव्हनिंगला जोडून मॉर्निंग नको. पाच जणींनी तसं लिहिलं. विरारच्या एकीने चक्क उलटं लिहिलंय, तिला तीच जोडी हवी आहे, कारण त्या रात्री ती शिवडीला बहिणीकडे राहते आणि पुढे सलग दीड दिवस मोकळा मिळतो. मी "विचार करून" ती जोडी सगळ्यांची काढून टाकणार होते.

आणि बदलापूरच्या माझ्या मुलीला नाईट हव्यात, जास्त. नवरा रात्री घरी असतो, पोर त्याच्याजवळ झोपते, दिवसा ही असते. जुलैची गोष्ट कळल्यापासून मी तिला दया म्हणून एकही नाईट लावली नव्हती. ते तिला किती अडचणीचं झालं होतं, ते तिने मला नाही सांगितलं, त्या कागदावर लिहिलं.

तिघींना विचारायचा मेसेज आतापर्यंत चार वेळा पाठवला. दोनदा कोणीच आलं नाही. दुसऱ्या वेळी मॅट्रन माझ्यावर चिडल्या, की तुझ्याच वॉर्डाला का स्टाफ लागतो सारखा. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आधी हा ताण पोरींवर होता म्हणून तो कागदावर दिसत नव्हता. आता माझ्यावर आलाय. आणखी काही महिने तो असाच घेता येईल का, ठाऊक नाही.

कोरांटी

मॅट्रनना ते एकतीस मेसेज दाखवा. तुमच्या वॉर्डात स्टाफ आत्ता कमी पडू लागलेला नाही, चौदा महिने कमीच होता, आणि ती तूट झोपेतून भरली जात होती.

आकडेमोड

आणि सोबत कोणी सलग दोन ड्यूट्या केल्या त्या तारखा. मेसेजपेक्षा हजेरीपट नाकारणं कठीण असतं.

तिसरी_पाळी

रातराणी, एक विचारू? जुलैची गोष्ट तुम्हाला मावशींनी सांगितली. त्यांना कागद दिला होता का?

रातराणी

नाही दिला. त्यांची ड्यूटी हाऊसकीपिंगचा सुपरवायझर लावतो, माझ्या लिस्टमध्ये त्यांची नावंच नसतात.

त्या कुठून येतात हे मला माहीत नाही. उद्या इव्हनिंगला त्या आहेत.